पंपावरच्या पेट्रोल दराची फोड: मुंबईच्या दरातून मूळ किंमत, उत्पादन शुल्क, डीलर कमिशन आणि व्हॅट वेगळे कसे काढायचे

पेट्रोलच्या दराची फोड करून दाखवणारे फॉरवर्ड दर दोन महिन्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर येतात. त्यातले बहुतेक पहिल्याच ओळीत चुकलेले असतात. कोणी पंपावरच्या दराचे सरळ पंचवीस टक्के काढून त्याला व्हॅट म्हणतं, कोणी तीन वर्षांपूर्वीचं उत्पादन शुल्क आजच्या दरातून वजा करतं. कोणी दिल्लीचा तक्ता उचलून वर फक्त 'मुंबई' असं लिहितं. गणित सातवीच्या पोराला जमेल इतकं सोपं आहे. चुकतात ते आकडे कुठल्या तारखेचे घ्यायचे हे, आणि कुठली वजाबाकी आधी करायची हे.

पंपावर मिळणाऱ्या पावतीची इथे काही मदत होत नाही. त्या पातळ, आठवडाभरात पुसट होणाऱ्या कागदावर दर, लिटर आणि रक्कम एवढंच असतं. कराची ओळ नसते, कारण पेट्रोल अजून जीएसटीत आलेलं नाही आणि डीलर तुमच्याकडून कर वेगळा दाखवून घेत नाही. त्यामुळे फोड आपल्यालाच करावी लागते, तीही उलटीकडून, म्हणजे अंतिम दरापासून मागे जात.

खाली वापरलेलं उदाहरण एप्रिल २०२५ मधल्या उत्पादन शुल्क वाढीनंतरच्या काळातलं आहे. तेव्हा मुंबईत साध्या पेट्रोलचा दर लिटरला १०३.५० रुपयांच्या आसपास होता. तुम्ही तुमच्या दिवसाचा दर आणि त्या दिवशी लागू असलेले करांचे आकडे घ्या. पद्धत तीच राहते.

## तयारी: आकडे जमवा, पण सगळे एकाच तारखेचे

एका कागदावर आधी तारीख लिहा. तारखेशिवाय केलेल्या फोडीला अर्थ नाही. मग तिच्याखाली पाच आकडे हवेत: पंपावरचा दर, राज्याच्या व्हॅटचा टक्का, राज्याचा लिटरमागचा ठरावीक अतिरिक्त कर, केंद्राचं उत्पादन शुल्क आणि डीलरचं कमिशन. मूळ किंमत मात्र कुठूनही आणायची नाही. ती शेवटी उरते.

व्हॅटचे दोन आकडे राज्याच्या जीएसटी विभागाच्या अधिसूचनेत असतात. तेलावरचा व्हॅटही हाच विभाग गोळा करतो, नावावर जाऊ नका. उत्पादन शुल्काचे आकडे केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या अधिसूचनांत असतात. दोन्हींचा गोषवारा पेट्रोलियम मंत्रालयाच्या पीपीएसी या कक्षाच्या संकेतस्थळावर राज्यवार तक्त्यांत मिळतो. कमिशनचा सरासरी आकडाही तिथल्याच दिल्लीच्या फोडीत सापडतो.

सावधान: बातमीतला 'कर दोन रुपयांनी वाढला' हा आकडा थेट वापरू नका. आधी किती होता आणि आता एकूण किती झाला, हे दोन्ही कळल्याशिवाय तो निरुपयोगी आहे.

## टप्पा १: पंपावरचा दर नेमका टिपा

१६ जून २०१७ पासून देशभर पंपांवरचा दर रोज सकाळी सहाला बदलू शकतो. म्हणून 'या महिन्याचा दर' असं काही नसतं, 'अमुक तारखेचा दर' असतो. महिनोन् महिने तो हलत नाही ही वेगळी गोष्ट.

मुंबईत दोन पंपांच्या दरात काही पैशांचा फरक दिसतो. कंपनी वेगळी असते, डेपोपासूनचं अंतर वेगळं असतं. तेव्हा एका पंपाचा दर निवडा आणि शेवटपर्यंत तोच वापरा. वर्तमानपत्रातला दर घेतलात तर त्यात काही पैसे इकडे तिकडे होणार हे धरून चाला.

साधं पेट्रोल आणि कंपन्यांचं ब्रँडेड पेट्रोल यांत गल्लत करू नका. ब्रँडेडचं मूळ उत्पादन शुल्कच वेगळं आहे, साध्याचं १.४० रुपये तर ब्रँडेडचं २.६० रुपये. कंपनी त्यावर स्वतःची जादा किंमतही लावते. ही पद्धत साध्या पेट्रोलसाठी आहे.

आपला आकडा: १०३.५० रुपये.

## टप्पा २: व्हॅट दोन तुकड्यांत लिहा

महाराष्ट्रातला पेट्रोलवरचा व्हॅट एका टक्केवारीत मावत नाही आणि घोळाचं मूळ तिथेच आहे. एक तुकडा टक्क्याचा, दुसरा लिटरमागे ठरावीक रुपयांचा. १ जुलै २०२४ पासून मुंबईत हे आकडे २५ टक्के आणि वर लिटरमागे ५.१२ रुपये असे आहेत.

त्याआधी बृहन्मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांच्या हद्दीत टक्का २६ होता. २०२४ च्या राज्य अर्थसंकल्पाने तो उरलेल्या राज्याच्या बरोबरीला, २५ वर आणला. त्याच्याही आधी, जुलै २०२२ मध्ये, लिटरमागचा ठरावीक भाग १०.१२ वरून ५.१२ रुपयांवर आला होता. जुने तक्ते इंटरनेटवर अजून फिरत असल्याने हे दोन्ही बदल लक्षात ठेवावे लागतात. कुठल्याही तक्त्यात २६ टक्के किंवा १०.१२ दिसलं की आधी त्याची तारीख बघा. आणि 'जकात' अशी ओळ दिसली, तर तो तक्ता १ जुलै २०१७ च्या आधीचा आहे, बाजूला ठेवा.

दोन तुकडे वेगळे का लिहायचे? कारण त्यांची वागणूक वेगळी आहे. टक्क्याचा तुकडा खालच्या किमतीबरोबर फुगतो आणि आकसतो. ५.१२ रुपये मात्र कच्चं तेल चढो की उतरो, तितकेच राहतात. शिवाय त्या ५.१२ वर पंचवीस टक्के लागत नाहीत, ते सगळ्यात वर बसतात. पुढच्या गणिताचा क्रम यावरूनच ठरतो.

तपासा: कागदावर '२५% + ५.१२' असं एकाच ओळीत लिहिलंय ना? नुसतं '२५%' लिहिलं असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: उत्पादन शुल्काची बेरीज करा

केंद्राचं उत्पादन शुल्क लिटरमागे ठरावीक रुपयांत असतं, टक्क्यांत नाही. ते चार नावांनी आकारलं जातं. ८ एप्रिल २०२५ पासून साध्या पेट्रोलवर मूळ शुल्क १.४० रुपये, विशेष अतिरिक्त उत्पादन शुल्क १३ रुपये, रस्ते व पायाभूत सुविधा उपकर ५ रुपये आणि कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर २.५० रुपये अशी मांडणी झाली. बेरीज २१.९० रुपये.

फोडीसाठी बेरीज पुरेशी आहे. तरी चार ओळी वेगळ्या लिहून ठेवा, कारण ग्रुपवरच्या वादात कोणीतरी हमखास म्हणतो की 'केंद्राने घेतलेल्यातला मोठा हिस्सा राज्यांना परत जातो'. वित्त आयोगाच्या सूत्राने राज्यांत वाटलं जातं ते फक्त मूळ शुल्क, म्हणजे एकवीस रुपये नव्वद पैशांतले एक रुपया चाळीस पैसे. उपकर आणि अधिभार त्या वाटपाच्या बाहेर असतात.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे एखादी ओळ गाळणं. विशेषतः कृषी उपकर लोक विसरतात आणि १९.४० वर थांबतात. मग ते अडीच रुपये गुपचूप मूळ किमतीत जाऊन बसतात आणि पेट्रोल 'मुळातच महाग' दिसायला लागतं.

## टप्पा ४: डीलरचं कमिशन

पंपवाल्याचं कमिशन तो स्वतः ठरवत नाही, तेल कंपन्या ठरवतात. त्यातही एक भाग किलोलिटरमागे ठरावीक रुपयांचा आणि दुसरा किमतीवर टक्क्याचा असतो. त्यामुळे ते गावागणिक काही पैशांनी बदलतं. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस पेट्रोलवरचं कमिशन लिटरमागे सरासरी ६५ पैशांनी वाढलं आणि दिल्लीच्या फोडीतला सरासरी आकडा ४.४० रुपयांच्या आसपास आला. आपण तोच घेऊ: ४.४० रुपये.

तुमच्या ओळखीत कोणी पंपवाले असतील तर त्यांना विचारा. काका, तुमच्या पंपाला लिटरमागे नेमकं किती मिळतं, एवढाच प्रश्न. बहुतेक जण सांगतात, आणि लगेच त्यातून पोरांचे पगार, वीजबिल, कार्डाचे पैसे आणि उन्हाळ्यात उडून जाणारं पेट्रोल कसं भागवावं लागतं हेही ऐकवतात. ऐकून घ्या, कारण तक्त्यातलं कमिशन म्हणजे पंपवाल्याचा नफा नव्हे. ती त्याची ढोबळ कमाई आहे.

दहा-पंधरा पैशांची चूक इथे झाली तरी फार बिघडत नाही. खालची मूळ किंमत तेवढ्याच पैशांनी सरकते, कराचे आकडे जागेवर राहतात. म्हणून या आकड्यासाठी अडून बसू नका.

## टप्पा ५: उलटं गणित, बाहेरून आत

दर बनतो आतून बाहेर. आधी मूळ किंमत, तिच्यावर उत्पादन शुल्क, मग कमिशन, या तिघांच्या बेरजेवर टक्क्याचा व्हॅट आणि सगळ्यात शेवटी लिटरमागचे ५.१२. सोलताना कांद्यासारखं बाहेरचं साल आधी काढायचं. क्रम बदललात की उत्तर चुकलं.

पहिली पायरी. पंपावरच्या दरातून ठरावीक अतिरिक्त कर वजा करा. १०३.५० − ५.१२ = ९८.३८.

दुसरी पायरी. उरलेल्याला १.२५ ने भागा. ९८.३८ ÷ १.२५ = ७८.७०. ही व्हॅटपूर्वीची किंमत. भागायचंच आहे, पंचवीस टक्के वजा करायचे नाहीत.

तिसरी पायरी. टक्क्याचा व्हॅट काढा. ९८.३८ − ७८.७० = १९.६८. त्यात ५.१२ मिळवले की राज्याचा एकूण कर २४.८० रुपये.

चौथी पायरी. ७८.७० मधून उत्पादन शुल्क आणि कमिशन वजा करा. ७८.७० − २१.९० − ४.४० = ५२.४०. ही मूळ किंमत.

आता पूर्ण फोड अशी दिसते:

| घटक | रुपये, लिटरमागे |
|---|---|
| मूळ किंमत | ५२.४० |
| उत्पादन शुल्क | २१.९० |
| डीलर कमिशन | ४.४० |
| व्हॅट, २५ टक्क्यांचा भाग | १९.६८ |
| व्हॅट, ठरावीक भाग | ५.१२ |
| पंपावरचा दर | १०३.५० |

दोन चुका इथे वारंवार होतात. पहिली म्हणजे १०३.५० चे पंचवीस टक्के काढणं. त्याचं उत्तर २५.८८ येतं, खऱ्या १९.६८ पेक्षा सहा रुपयांहून जास्त. पंचवीस टक्के लागतात ते व्हॅटपूर्वीच्या ७८.७० वर, व्हॅटसकटच्या दरावर नाही. आणि गंमत बघा, चुकीचे २५.८८ हे ठरावीक भागासकटच्या खऱ्या २४.८० च्या इतके जवळ जातात की बऱ्याच जणांना चूक कळतच नाही. ज्यांनी ठरावीक भाग धरलेलाच नसतो त्यांचा तक्ता वरवर पटण्यासारखा दिसतो, पण आतला प्रत्येक आकडा हललेला असतो.

दुसरी चूक म्हणजे आधी भागून मग ५.१२ वजा करणं. १०३.५० ÷ १.२५ = ८२.८०, त्यातून ५.१२ गेले की ७७.६८. खरा आकडा ७८.७०. एक रुपया दोन पैसे हवेत गेले, कारण या क्रमात तुम्ही ५.१२ वरही पंचवीस टक्के लावलेत.

## टप्पा ६: शीटमध्ये बसवा

दर महिन्याला हाताने करण्यापेक्षा एकदा शीट बनवून ठेवा. पहिल्या पाच खान्यांत तुमचे आकडे, पुढच्या चारांत सूत्रं:

```
B1   103.50
B2   5.12
B3   25%
B4   21.90
B5   4.40
B6   =(B1-B2)/(1+B3)
B7   =B6*B3+B2
B8   =B6-B4-B5
B9   =B8+B4+B5+B7-B1
```

B6 मध्ये व्हॅटपूर्वीची किंमत येते, B7 मध्ये राज्याचा एकूण कर, B8 मध्ये मूळ किंमत. B9 शून्य यायला हवं.

पण B9 च्या शून्यावर फार विसंबू नका. ते फक्त सूत्र चुकीचं टाइप झालंय का एवढंच सांगतं. B3 मध्ये चुकून २६ टक्के राहिले, किंवा उत्पादन शुल्क दोन वर्षांपूर्वीचं असलं, तरी बेरीज जुळणारच, कारण मूळ किंमत ही 'उरलेली' रक्कम आहे आणि ती सगळ्या चुका पोटात घालते. आकडे बरोबर आहेत का हे बाहेरूनच तपासावं लागतं.

## टप्पा ७: दिल्लीशी ताडून पाहा

बाहेरची तपासणी करायची तर त्याच तारखेचा दिल्लीचा दर घ्या. दिल्लीत ठरावीक अतिरिक्त कर नाही, व्हॅटचा प्रत्यक्ष टक्का १९.४० धरतात, त्यामुळे गणित एका ओळीचं आहे. आपल्या उदाहरणाच्या काळात दिल्लीचा दर ९४.७७ होता. ९४.७७ ÷ १.१९४ = ७९.३७. त्यातून २१.९० आणि ४.४० गेले की ५३.०७.

मुंबईची मूळ किंमत ५२.४०, दिल्लीची ५३.०७. साठ-सत्तर पैशांचा फरक पटण्यासारखा आहे. या 'मूळ किमतीत' डीलरपर्यंत माल पोचवण्याचं भाडंही असतं आणि ते शहरागणिक बदलतं. पंपावर जो पावणेनऊ रुपयांचा फरक दिसतो तो सगळा राज्याच्या करातला आहे, हेही इथेच कळतं.

आता मुद्दाम चूक करून बघा. व्हॅटचे जुलै २०२२ पूर्वीचे आकडे, म्हणजे २६ टक्के आणि १०.१२, घातले तर मुंबईची मूळ किंमत ४७.८१ येते. दिल्लीपेक्षा पाच रुपये कमी! एकाच देशात, त्याच कंपन्यांचं पेट्रोल डीलरला एका शहरात लिटरमागे पाच रुपयांनी स्वस्त मिळतं असं होत नाही. असा आकडा दिसला की तारखा पुन्हा तपासा.

मर्यादा: ही तपासणी मोठी चूक पकडते, छोटी नाही. ५.१२ बरोबर पण टक्का २५ ऐवजी २६ राहिला, तर मूळ किंमत ५१.७८ येते. ती संशय यावा इतकी वेगळी नसते. टक्का अधिसूचनेतूनच घ्यायचा तो यासाठी.

## टप्पा ८: कमिशनवर व्हॅट धरला आहे का, ते लिहा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात आणि मग दोन बरोबर तक्ते एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून भांडतात.

पीपीएसीच्या दिल्लीच्या फोडीत व्हॅटच्या ओळीत डीलर कमिशनवरचा व्हॅटही धरलेला असतो. वर मी मुंबईसाठी तीच मांडणी वापरली, म्हणजे दोन शहरांची तुलना एकाच मापाने होते. काही जण मात्र व्हॅट फक्त कंपनीच्या डीलरला लावलेल्या किमतीवर मोजतात आणि कमिशन त्यानंतर जोडतात. तसं करायचं तर कमिशनही ५.१२ सोबत आधीच वजा करावं लागतं: १०३.५० − ५.१२ − ४.४० = ९३.९८. त्याला १.२५ ने भागलं की ७५.१८. उत्पादन शुल्क गेल्यावर मूळ किंमत ५३.२८ आणि राज्याचा एकूण कर २३.९२.

दोन मांडण्यांत फरक ८८ पैशांचा, आणि तो फक्त मूळ किंमत व व्हॅट या दोन ओळींतच फिरतो. उत्पादन शुल्क आणि कमिशन हलत नाहीत. म्हणून तक्त्याखाली एक ओळ लिहा: 'व्हॅट कमिशनसकट मोजला आहे' किंवा 'कमिशन वगळून मोजला आहे'. ती ओळ नसलेल्या तक्त्यावरून रुपया-बारा आण्याचा वाद घालण्यात वेळ घालवू नका.

## टप्पा ९: मूळ किमतीला भलतं नाव देऊ नका

५२.४० हा आकडा हातात आला की पुढची घाई सुरू होते. कच्च्या तेलाच्या पिंपाचा डॉलरमधला भाव घ्यायचा, रुपयांत करायचा, १५९ लिटरने भागायचं आणि म्हणायचं, 'बघा, कच्चं तेल इतक्यालाच पडतं, मधले पैसे कंपन्या खातात.'

पिंपात साधारण १५९ लिटर असतात हे खरं. पण पिंपातून १५९ लिटर पेट्रोल निघत नाही. डिझेल, रॉकेल, विमानाचं इंधन, डांबर असं बरंच काही निघतं आणि प्रत्येकाचा भाव वेगळा असतो. शिवाय आपली मूळ किंमत कच्च्या तेलाची नाही, तयार पेट्रोल डीलरच्या टाकीपर्यंत पोचवण्याची आहे. त्यात शुद्धीकरण, तयार पेट्रोलच्या आंतरराष्ट्रीय भावाचा हिशोब, त्यात मिसळलेलं इथेनॉल, भाडं आणि कंपनीचा विक्रीतला नफा किंवा तोटा हे सगळं आलं.

'माहुलला दोन रिफायनऱ्या आहेत, मग मुंबईला पेट्रोल स्वस्त का नाही' या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. रिफायनरीच्या दारातला भाव जागतिक बाजाराच्या हिशोबाने ठरतो, चेंबूरहून दादर किती जवळ आहे यावर नाही. जवळ असण्याचा फायदा भाड्याच्या काही पैशांपुरता मिळतो.

तेव्हा या ओळीला 'मूळ किंमत, भाड्यासह' असं लिहा. 'कच्च्या तेलाची किंमत' असं कधीही लिहू नका.

## टप्पा १०: दर हलला नाही तरी फोड पुन्हा करा

एप्रिल २०२५ मध्ये उत्पादन शुल्क लिटरमागे दोन रुपयांनी वाढलं, पण पंपावरचा दर वाढला नाही. अनेकांनी त्यावरून जुनाच तक्ता चालू ठेवला. दर तोच, मग फोडही तीच, असा समज.

करून बघा. शुल्क १९.९० असताना, तोच १०३.५० दर धरला, तर व्हॅटपूर्वीची किंमत ७८.७० च येते, व्हॅटही २४.८० च राहतो. मूळ किंमत मात्र ७८.७० − १९.९० − ४.४० = ५४.४० येते. शुल्क २१.९० झाल्यावर ती ५२.४०. म्हणजे केंद्राकडे गेलेले दोन रुपये कंपन्यांच्या वाट्यातून गेले. राज्याच्या कराला धक्काही लागला नाही, कारण व्हॅटपूर्वीची बेरीज तीच राहिली.

हेच दोन रुपये ग्राहकावर टाकले असते तर पंपावर दोन नव्हे, अडीच रुपये वाढले असते, कारण त्यावरही २५ टक्के लागले असते. हा हिशोब उलट दिशेनेही चालतो. शुल्क किंवा मूळ किंमत एक रुपयाने कमी झाली आणि सगळी सूट पुढे दिली गेली, तर पंपावर सव्वा रुपया उतरतो.

ठरावीक भागाचं तसं नाही. जुलै २०२२ मध्ये राज्याने तो पाच रुपयांनी कमी केला तेव्हा मुंबईचा दर १११.३५ वरून १०६.३१ वर आला, म्हणजे जवळपास पाचच रुपये. आणि २६ चे २५ टक्के झाले तेव्हा 'एक टक्का म्हणजे एक रुपया' धरणाऱ्यांची निराशा झाली. एक टक्का तेव्हाच्या ७८-७९ रुपयांच्या आसपासच्या रकमेवर लागत होता, त्यामुळे दर साधारण पाऊण रुपयाने उतरला.

तपासा: बातमी वाचल्यावर आधी ठरवा की बदल दराच्या कुठल्या थरात झालाय. आतल्या तीन घटकांत झाला तर सव्वापट, टक्क्यात झाला तर व्हॅटपूर्वीच्या किमतीवर मोजायचा, ठरावीक भागात झाला तर जितक्यास तितका.

## टप्पा ११: टक्केवारी सांगताना भाजक सांगा

फोड झाली की लोक विचारतात, 'मग कर किती टक्के?' दोन्ही कर मिळून २१.९० + २४.८० = ४६.७० रुपये. पंपावरच्या दराच्या तुलनेत हे ४५ टक्के होतात. मूळ किमतीच्या तुलनेत मोजलं तर ८९ टक्के. दोन्ही बरोबर आहेत. टीव्हीवरच्या चर्चेत एक बाजू पहिला आकडा सांगते, दुसरी दुसरा, आणि दोघंही समोरच्याला खोटं ठरवतात. तुम्ही सांगताना 'पंपावरच्या दराच्या' किंवा 'मूळ किमतीच्या' हे शब्द गाळू नका.

घरी समजावून सांगायचं असेल तर टक्क्यांपेक्षा पाचशेची नोट बरी. स्कूटरमध्ये पाचशेचं पेट्रोल टाकलं तर १०३.५० च्या दराने ४.८३ लिटर येतं. त्या पाचशेतले सुमारे २५३ रुपये मूळ किमतीचे, १०६ उत्पादन शुल्काचे, २१ पंपवाल्याच्या कमिशनचे आणि १२० राज्याच्या कराचे.

## डिझेलला हीच शीट लावताना

B2 मध्ये शून्य टाका आणि B3 मध्ये २१ टक्के, कारण १ जुलै २०२४ पासून मुंबईत डिझेलवर नुसता टक्क्याचा व्हॅट आहे, पेट्रोलसारखा ५.१२ चा तुकडा नाही. उत्पादन शुल्क आणि कमिशन दोन्ही पेट्रोलपेक्षा वेगळे आहेत, तेही बदला. ठाणे किंवा नवी मुंबईच्या पंपासाठी शीटमध्ये फक्त B1 बदलायचा, कारण व्हॅटचे आकडे आता सगळीकडे तेच आहेत. जुलै २०२४ च्या आधीच्या तारखेची फोड करत असाल तर मात्र पंप महापालिकेच्या हद्दीच्या आत आहे की बाहेर, हे आधी बघावं लागेल.